मानाची शेवटची कुस्ती

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, बस थांबते तिथून दोन गल्ल्या आत, एक छोटा कारखाना आहे. त्याला पाटी आहे, पण पाटीवरचं नाव उन्हानं कधीच खाऊन टाकलंय, म्हणून सगळे त्याला नुसतं 'बुशवाल्यांकडे' म्हणतात. गाड्यांना लागणारे बुश, म्हणजे जाड लोखंडी नळकांडी, आणि पिना तिथे बनतात. माणसं मोजून एकवीस. एकवीस माणसांत वरच्या सोयी काही कायद्यानं मागता येत नाहीत, कारण असल्या सोयींचे कायदे पन्नासांच्या पुढे जागे होतात. त्यामुळे इथे जे काही मिळतं ते मालकाच्या मर्जीनं मिळतं, आणि मालकाची मर्जी म्हणजे काय चीज असते ते ज्यानं नोकरी केलीय त्याला सांगायला नको.

तर त्या वर्षी मालकाची मर्जी अचानक खुलली. पॅकिंगचं काम नव्या शेडमध्ये गेलं आणि गेटजवळची जुनी खोली रिकामी झाली. दहा बाय बाराची, एक खिडकी, वर पत्रा. मालक म्हणाले, "ही तुम्हाला घ्या. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण एकच काहीतरी सांगा. पंधरा दिवसांत नाही ठरलं तर मी तिथे खोकी रचतो."

हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद झाला तो मीनाला. मीना तिथली तपासनीस. तयार झालेला प्रत्येक बुश तिच्या टेबलावरून जायचा. सोळा वर्षं ती भोकात मापाचा गेज घालून बघत आली होती: गेला तर पास, नाही गेला तर परत. कामगार कमिटीची सेक्रेटरीही तीच, म्हणजे सभेची वही तिच्या कपाटात आणि शिव्याही तिच्याच वाट्याला. स्वभावानं सडेतोड. मापात दहा मायक्रॉनचा फरक आला तर सख्ख्या भावाचाही माल परत पाठवील अशी तिची ख्याती होती, आणि तिला त्या ख्यातीचा मनातून अभिमान होता. खोटं कशाला बोला.

मीनाला आनंद झाला तो रोशनीमुळे. रोशनी ड्रिलवर काम करायची. मूळची पेठकडची, वय चोवीस, पदरात वर्षाची मुलगी. आतापर्यंत मुलीला सासू सांभाळत होती. पण सासू अक्काबाई मृग लागला की गावाला जाणार होती. डोंगरातल्या भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, तिच्यावाचून अडते, आणि एकदा गेली की ती थेट कापणी उरकूनच येणार. रोशनीनं मीनाला आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, आत्या गेल्या की मला काम सोडावंच लागंल. पोरीला कुणाच्या दारात टाकू?"

मीनानं स्वतःचा मुलगा शेजारणीच्या दारात टाकून नोकरी केली होती. तो पहिल्यांदा चालला ते शेजारणीच्या अंगणात, आणि ते मीनाला संध्याकाळी सांगण्यात आलं. ह्या गोष्टीला आता पंधरा वर्षं झाली, मुलगा मिशा कोरतो, पण मीनाला ते अजून सलतं. म्हणून खोली मिळाली म्हटल्यावर तिनं मनात ठरवून टाकलं: पाळणाघर.

पण मनात ठरवून काय होतंय. तिथे कमिटी होती आणि कमिटीचा अध्यक्ष होता धोंडीराम.

धोंडीकाका नांदगावकडचा. तरुणपणी कुस्त्या मारलेला, आता लेथवर, गुडघे कुरकुरणारे. अठरा वर्षं अध्यक्ष. त्यानं कमिटीत मतदानाची एक पद्धत पाडली होती आणि ती आखाड्यातून उचललेली होती. दोन प्रस्ताव समोरासमोर लावायचे, हात मोजायचे. हरेल तो बाहेर. जिंकेल त्याच्यासमोर तिसरा उतरवायचा. त्या दुसऱ्या लढतीत जो जिंकेल तो खरा पैलवान. आणि गावच्या फडात जशी मानाची कुस्ती शेवटी लागते, तसा अध्यक्षाच्या पसंतीचा प्रस्ताव मानानं शेवटी उतरायचा. कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं. वडीलधाऱ्या माणसाचा मान, दुसरं काय.

तीन सूचना आल्या. पाळणाघर हवं होतं आठ जणांना: सहा बायका आणि नुकते बाप झालेले दोघे. धोंडीकाकाच्या वयाचे सात जण होते, त्यांना हवी होती विश्रांतीची खोली, चार खाटा, एक पंखा, जेवणानंतर पाठ टेकायला. आणि सहा पोरं होती बिनलग्नाची, त्यांचा म्होरक्या रविराज. दंड फुगवून फोटो काढणारा, पण कामाला चोख. त्यांना व्यायामशाळा हवी होती.

सभा जेवणाच्या सुट्टीत, गेटजवळच्या बदामाच्या झाडाखाली. धोंडीकाकानं बाह्या सरसावल्या आणि क्रम लावला. "पयली जोडी पाळणाघर आन् व्यायामशाळा. जिंकंल त्याच्यासंगं विश्रांती."

पहिली जोडी लागली. मीनानं हात मोजले. व्यायामशाळा तेरा, पाळणाघर आठ. रोशनीनं डब्याचं झाकण लावलं आणि खाली बघत बसली. दुसरी जोडी: विश्रांती पंधरा, व्यायामशाळा सहा.

"झालं," धोंडीकाका म्हणाला, "मला वाटलंच व्हतं. मानसाला दोन घटका पाठ टेकाया लागती." त्याच्या चेहऱ्यावर ते नेहमीचं समाधान आलं. अठरा वर्षांत त्याच्या मनातलं आणि सभेच्या मनातलं जवळजवळ नेहमी एकच निघालं होतं, आणि तो ते चारचौघांत सांगायचाही, "मला मानसाची नाडी कळती."

मीनानं वहीत आकडे लिहिले. लिहिता लिहिता तिचा हात थांबला.

"काका, पाळणाघर आणि विश्रांती समोरासमोर आलेच नाहीत."

"पाळणाघर पडलं ना पयल्याच फेरीत."

"व्यायामशाळेसमोर पडलं. विश्रांतीसमोर नाही पडलं."

धोंडीकाका दिलदार माणूस. जिंकलेल्या माणसाला दिलदार व्हायला काय जातं म्हणा. "लाव की मंग जोडी," तो म्हणाला. "तुझ्या मनाची शांती."

जोडी लागली. पाळणाघर चौदा, विश्रांती सात.

रोशनीनं वर बघितलं, आणि तिचा चेहरा असा उजळला की मीनाला हसूच आलं. पण ते हसू पुरतं उमटायच्या आत रविराज उठून उभा राहिला. "एक मिनिट. पाळणाघर कसं जिंकेल? त्याला आम्ही पहिल्याच कुस्तीत चीत केलंय. परत लावा." परत लावली. व्यायामशाळा तेरा, पाळणाघर आठ. "मग व्यायामशाळा," रविराज म्हणाला. "अरे पन तुला आमी पंधरा हातांनी पाडलाय," धोंडीकाका म्हणाला. "आणि तुम्हाला आम्ही चौदा हातांनी," मागून एक बाई म्हणाली.

झालं. ह्यानं त्याला पाडलं, त्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यानं परत ह्याला. मुलांच्या खेळात 'तुझ्यावर राज्य, नाही तुझ्यावर' चालतं तसं चाललं. जेवण तसंच राहिलं. शेवटी कुणीतरी बोलू नये ते बोललं: "कोण तरी पलट्या मारतंय. एकदा इकडं हात, एकदा तिकडं हात." आणि एकवीस माणसं एकमेकांच्या हाताकडे संशयानं बघायला लागली. वर्षानुवर्षं एका डब्यातलं खाणारी माणसं. तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी बदामाखाली खरीच कुस्ती लागली असती.

मीना टेबलाशी आली ती तणतणत. तिला राग आला होता, आणि राग आला की तिचं डोकं जास्त चालतं. पलट्या मारणारा कोण ते ती शोधून काढणारच होती. माप चुकलं तर चूक कुठल्या मशीनवर झाली ते सापडतंच, हेही सापडेल.

पुढचे दोन दिवस तिनं एकेकाला गाठलं. तपासणीच्या चिठ्ठ्या होत्या, त्यांच्या कोऱ्या बाजूवर प्रत्येकाला लिहायला लावलं: पहिलं काय, दुसरं काय, तिसरं काय. आणि का, तेही तोंडी विचारलं.

कारणं ऐकून तिचा राग उतरत गेला, कारण एकाचंही कारण खोटं नव्हतं. बायका म्हणाल्या, पाळणाघर नाही तर निदान विश्रांती, आम्हालाही कंबर आहे. व्यायाम आम्ही घरी पाणी भरताना करतोच. म्हातारे म्हणाले, विश्रांती नाही तर व्यायामशाळा चालेल, ती पोरं सुट्टी झाल्यावर संध्याकाळी उड्या मारतील, दुपारी कोपऱ्यात सतरंजी टाकता येईल. पण पाळणाघर झालं तर दिवसभर रडारड, डोळा लागायचा नाही. आणि रविराज म्हणाला, "ताई, व्यायामशाळा नाही तर पाळणाघर. उद्या आपलीही लग्नं होणार आहेत की. पण विश्रांती अजिबात नको. काका लोक तिकडं घोरणार आणि त्यांच्या मशीन आम्ही बघणार."

तिनं चिठ्ठ्यांचे गठ्ठे केले. आठ, सात, सहा. गठ्ठ्याच्या आत सगळ्यांचा क्रम एकच. मग तिनं तीनही जोड्या चिठ्ठ्यांवरून पुन्हा मोजल्या. पाळणाघर विश्रांतीच्या वर मानणारे: आठ आणि सहा, चौदा. विश्रांती व्यायामशाळेच्या वर मानणारे: आठ आणि सात, पंधरा. व्यायामशाळा पाळणाघराच्या वर मानणारे: सात आणि सहा, तेरा. बदामाखालचे आकडे हेच. कुणीही पलटलं नव्हतं. सगळे शंभर टक्के खरे होते, आणि तरी गाडा गोल गोलच फिरत होता.

मीना हतबुद्ध झाली. सोळा वर्षं तिनं एक गोष्ट कधी तपासलीच नव्हती, कारण तपासायची गरजच नव्हती: पहिला बुश दुसऱ्यापेक्षा जाड आणि दुसरा तिसऱ्यापेक्षा जाड, तर पहिला तिसऱ्यापेक्षा जाड असणारच. लोखंडाला हे कळतं. एकेका माणसालाही कळतं, प्रत्येक चिठ्ठीवर पहिलं, दुसरं, तिसरं सरळ लिहिलेलं होतं. पण एकवीस माणसांची बेरीज केली की त्या बेरजेला ते कळेना. बेरजेला पहिलं, दुसरं, तिसरं असं काही नव्हतंच.

तिची भाची आरोही गंगापूर रोडला कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. मीनानं चहाच्या सुट्टीत तिला फोन लावला आणि सगळं सांगितलं, आकड्यांसकट.

आरोही खूश झाली. शिकवणाऱ्या माणसाला पुस्तकातली गोष्ट सातपूरमध्ये सापडली की तो खूश होणारच. "मावशी, तुझं काही चुकलेलं नाही. मी दर वर्षी पोरांना हे फळ्यावर शिकवते, पण फळ्यावरची माणसं खोटी असतात. ह्याला बहुमताचं चक्र म्हणतात. दोन पर्याय असले तर बहुमत सरळ चालतं. तीन झाले की कधीकधी, नेहमी नाही हं, असं चक्र पडतं. मग जिंकणारा असा कुणी नसतोच. कोणालाही निवड, त्याला हरवणारं बहुमत तयार असतं."

"मग पहिल्या दिवशी विश्रांती कशी जिंकली?"

"ती शेवटी उतरली म्हणून. तुमच्या पद्धतीत तिसरी जोडी लागतच नाही ना? मग चक्र पडलं असेल तर जो शेवटी उतरतो तो जिंकतो. पाळणाघर शेवटी उतरवून बघ कागदावर."

मीनानं बघितलं. आधी विश्रांती आणि व्यायामशाळा: विश्रांती जिंकते. मग विश्रांती आणि पाळणाघर: पाळणाघर जिंकतं. एकही हात इकडचा तिकडे न करता.

"म्हणजे क्रम लावणारा ठरवतो," ती हळूच म्हणाली.

"अगदी. आणि अजून एक. क्रमाचं गुपित सगळ्यांना कळलं ना, की माणसं हात खोटा वर करायला लागतात. मनात एक, हात दुसऱ्याला. ते पण सांभाळ."

फोन ठेवल्यावर मीनानं कपाटातून जुनी वही काढली. अठरा वर्षांत तीन प्रस्ताव समोर आले अशा सभा सहा. सहापैकी पाच वेळा शेवटी उतरलेला जिंकला होता, म्हणजे धोंडीकाकाच्या मनातला. तिसरी जोडी एकदाही लावलेली नव्हती. त्यातले किती निकाल लोकांच्या खऱ्या मनातले आणि किती नुसत्या क्रमाचे, हे आता ब्रह्मदेव आला तरी सांगू शकला नसता. त्या न लागलेल्या कुस्त्यांचे हात कोण मोजणार?

आणि बिचारा धोंडीकाका अठरा वर्षं समजत होता की त्याला नाडी कळते.

दुसऱ्या दिवशी धोंडीकाका स्वतःच तिच्या टेबलापाशी आला. दोन दिवसांत म्हातारा उतरला होता. सभेत भांडण झालं ते त्याच्या जिवाला लागलं होतं. "मीना," तो म्हणाला, "माजं डोकं चालंना. परवाच्या सभेला क्रम तूच लाव. तू माप घेणारी बाई, तुझ्यावर समद्यांचा इस्वास हाय."

घ्या. कोंबडं आपणहून अंगणात आलं. मीनाला फक्त 'बरं' म्हणायचं होतं. विश्रांती आणि व्यायामशाळा आधी, पाळणाघर शेवटी, चौदा विरुद्ध सात, वहीत सही. कुणाला शंका आली नसती. नियमात सगळं बसलं असतं. पलीकडे ड्रिलवर रोशनी मान खाली घालून काम करत होती. सासूला जायला नऊ दिवस राहिले होते.

मीनाच्या जिभेवर 'बरं' आलंही होतं. पण हातात गेज होता, आणि तिला वाटलं, आपण आज गेज वाकडा करून माल पास करतोय. माल चांगला असेलही. पण उद्या दुसऱ्या कुणाच्या हातात हाच वाकडा गेज जाईल. तिला स्वतःचाच संताप आला. हा असला स्वभाव घेऊन आपण जन्माला का आलो, असंही वाटलं.

"काका, बसा जरा," ती म्हणाली आणि स्टूल पुढे सरकवलं.

तिनं सगळं सांगितलं. चिठ्ठ्या दाखवल्या, तीन गठ्ठे, तीन आकडे. जो शेवटी उतरतो तो जिंकतो, हे त्याच्याकडून दोनदा करवून घेतलं. धोंडीकाका अडाणी दिसायचा पण डोकं तल्लख. दुसऱ्या वेळी त्यानं चिठ्ठ्यांना हात न लावता निकाल सांगितला. मग त्याची नजर टेबलावरच्या जुन्या वहीकडे गेली. मीनानं ती उघडली नाही. उघडायची गरजही पडली नाही.

"म्हंजे," तो म्हणाला, "कारखान्याच्या बसचा थांबा आमच्या आळीत ठरला, त्या सभेला बी असंच?"

"माहीत नाही काका. असेलही लोकांना तेच हवं."

"आन् नसंलही."

"नसेलही."

तो उठला. गुडघे धरून उभा राहिला आणि आपल्या लेथकडे गेला. मीनाला फार वाईट वाटलं. खरं बोलून आपण माणसाचा एक दात पाडला, असं तिला वाटत राहिलं. घरी गेली तरी आमटीत मीठ दोनदा पडलं.

सभेच्या दिवशी बदामाखाली सगळे लवकरच जमले. धोंडीकाका आला तो स्वच्छ पांढरा शर्ट घालून. मीनाला वाटलं, म्हातारा राजीनामा देतोय की काय. त्यानं मीनाला खूण केली. "सांग समद्यांना. मला सांगितलं तसंच."

मीनानं सांगितलं. बदामाच्या तीन पानांवर खडूनं एकेक नाव लिहिलं, पानं गोल मांडली, आणि कोण कोणाला किती हातांनी पाडतं ते दाखवलं. पलटी कुणीच मारली नव्हती म्हटल्यावर सगळ्यांचे खांदे सैल झाले. दोघं तिघं तर एकमेकांकडे बघून ओशाळले. मग तिनं शेवटी उतरण्याची गंमत सांगितली, आणि सगळ्यांच्या माना हळूहळू धोंडीकाकाकडे वळल्या.

"बगा की," धोंडीकाका म्हणाला. "अठरा वरसं बगताय, अजून बगा. मला म्हाईत नव्हतं. पन माझ्या हातनं झालं हे खरं हाय." तो जरा खाकरला. "आता ऐका. हात मोजून ह्या खोलीचं उत्तर निघत न्हाय, हे मीनानं दाखवलं. कुनीतरी क्रम लावनार, आन् जो लावंल त्याचंच व्हनार. मंग ते चोरून नको. आज मी उघड लावतो. पयली जोडी व्यायामशाळा आन् विश्रांती. आन् मानाची शेवटची कुस्ती पाळणाघराची. का, ते बी सांगतो. मला खोली न्हाय मिळाली तर मी बदामाखाली झोपंन, आजवर झोपतोच. रविराजला न्हाय मिळाली तर तो घरी दंड काढंल. पन त्या पोरीला न्हाय मिळाली तर तिची नोकरी जाती. कुनाला पटत न्हाय त्यानं आत्ताच बोलावं."

रोशनीनं पदर तोंडाशी धरला होता.

बोलला तो रविराज, आणि तोही हळू. पोरगा हुशार, दोन मिनिटांत त्यानं हिशोब मांडला होता. "काका, मी पाळणाघराच्या विरोधात नाही. पण एक सांगू का? तुम्ही सात जण पहिल्या जोडीत आमच्याकडे हात केलात, तर आम्ही तेरा होतो. विश्रांती तिथेच पडते. मग शेवटी आम्ही आणि पाळणाघर, त्यातही आम्हीच तेरा. तुमच्या चिठ्ठ्यांवर तर पाळणाघर शेवटी आहे, ना? मग तुमचा फायदा आमच्याकडे हात करण्यात आहे."

आरोहीनं सांगितलं होतं ते हेच. आणि पोराचा हिशोब बरोबर होता, एका हाताचीही चूक नव्हती. तिनं म्हाताऱ्यांकडे बघितलं. ते एकमेकांकडे बघत होते. त्यांना कळलं होतं.

"जोडी लावा," धोंडीकाका म्हणाला.

"व्यायामशाळेला कोण?" मीनानं विचारलं. सहा हात वर गेले. मग एक सातवा, मागच्या ओळीतल्या मोतीरामचा. मग आठवा. आणखी तीन गेले की संपलं. रोशनी कुणाकडेच बघत नव्हती, तिनं डोळे मिटून घेतले होते.

धोंडीकाकाचा हात गुडघ्यावर होता. तो तिथेच राहिला. मग त्याच्या बाजूचे चौघे, ज्यांचे हात अर्धवट उठत होते, त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि आपापले हात खाली घेतले.

"विश्रांतीला?"

धोंडीकाकानं हात वर केला. सरळ, कोपर न वाकवता. पुढच्या जोडीत ही खोली पडणार हे त्याला सगळ्यांपेक्षा चांगलं माहीत होतं. "मला हवी ती हीच," तो रविराजला म्हणाला. "मी दुसरीसाठी कशाला हात वर करू? हरायचं तर आपल्या नावानं हरू."

तेरा. आठ विरुद्ध तेरा. मग मानाची कुस्ती लागली: पाळणाघर चौदा, विश्रांती सात. रविराजच्या पोरांनी हात वर केले ते मनापासून. चिठ्ठीवर लिहिलं होतं तेच. आणि धोंडीकाका दुसऱ्यांदाही विश्रांतीलाच हात वर करून बसला होता, सातांत एक.

रोशनी उठून काकाच्या पाया पडायला वाकू लागली तसा तो ओरडला, "अगं थांब, माझे गुडघे न्हाय मागं सरकत." सगळे हसले. मीनाही हसली, आणि हसताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं तसंच राहू दिलं. इतक्या बरं वाटणाऱ्या दुपारी सोळा वर्षांत फार नव्हत्या आल्या.

घंटेला पाच मिनिटं होती. मीनानं वही मांडीवर घेतली आणि दोन्ही निकाल लिहिले. मग खाली एक ओळ सोडून तिनं तिसरी जोडीही लिहिली: 'व्यायामशाळा आणि पाळणाघर. लावली नाही. चिठ्ठ्यांवरून तेरा विरुद्ध आठ, व्यायामशाळा.'

धोंडीकाका सही करायला वाकला आणि थांबला. "ही कशाला ल्हिती? ही तर आपल्या विरुद्ध जाती."

"जाऊ दे. पुढे कुणी वही उघडली तर त्याला कळेल, की आकड्यांनी नाही ठरवलं. आपण ठरवलं."

म्हाताऱ्यानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली, बोट ठेवून. मग तिच्या खाली सही केली, नेहमीपेक्षा जरा मोठी.

"ताई," रोशनीनं मागून विचारलं, "सोमवारपासून आणू का पोरीला? आत्यांना आजच सांगते, खुशाल आवणीला जा म्हणून."